कर्जदाराला ‘अक्षय्य’ म्हणू नये

भाच्यानं गृहकर्ज काढून पहिला फ्लॅट घेतला असेल आणि अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मामा त्याला ‘तुझं सगळं अक्षय्य राहो’ असं लिहिणार असेल, तर मामानं आधी एकदा भाच्याच्या हप्त्यांचं वेळापत्रक मागवून बघावं. त्या कागदावर अक्षय्य राहू शकेल अशी एकच गोष्ट असते, आणि ती तशी राहू नये म्हणून भाचा पुढची वीस वर्षं राबणार असतो. पण मामा वेळापत्रक मागवत नाही. तो काल रात्री कुणीतरी पाठवलेलं चित्र पुढं ढकलतो. त्या चित्रात आंब्याची पानं, नारळ, कलश आणि कलशातून उतू जाणारी सोन्याची नाणी असतात. खाली सुख, समृद्धी, आरोग्य आणि धनसंपदा या चौघांची नेहमीची रांग असते, आणि कोपऱ्यात बहुतेक वेळा एखाद्या सराफाचा किंवा भावी नगरसेवकाचा फोटो असतो. हेच चित्र नवी गाडी घेतलेल्या साडूला जातं, पोळीभाजी केंद्र उघडलेल्या चुलतवहिनीला जातं, आणि यंदा काहीही न घेतलेल्या अण्णांनाही जातं. अण्णांच्या बाबतीत या शुभेच्छेनं काही बिघडत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत बिघडतं.

आधी शब्दाचं बघू, कारण सगळी गोम शब्दातच आहे. कुटुंबाच्या ग्रूपवर या सणाचं नाव किमान चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. कुणी ‘अक्षय तृतीया’ लिहितं, कुणी ‘अक्षय्य’, कुणी ‘तृतियेच्या’ म्हणून दुसरी वेलांटी ऱ्हस्व करून टाकतं, आणि एखादा घाईतला आतेभाऊ ‘अक्षयच्या शुभेच्छा’ एवढंच लिहून मोकळा होतो. त्यावर ग्रूपमधला खरा अक्षय ‘थँक्यू दादा’ म्हणतो. यातला ‘अक्षय’ आणि ‘अक्षय्य’ हा फरक मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला क्षय नाही ते अक्षय. ज्याचा क्षय होऊच शकत नाही, कितीही जोर लावला तरी, ते अक्षय्य. पाणिनीनं ‘क्षय्य’ आणि ‘जय्य’ ही रूपं ‘शक्य असणं’ या अर्थासाठी मुद्दाम वेगळी काढून ठेवली आहेत: झिजणं शक्य आहे ते क्षय्य, जिंकणं शक्य आहे ते जय्य. म्हणजे शेवटचा तो जोड-य हा काही शोभेचा नव्हे. त्यात आव्हान आहे. ‘तुझं कर्ज अक्षय’ म्हटलं तर ते सध्या संपलेलं नाही एवढाच अर्थ निघेल. ‘अक्षय्य’ म्हटलं की ते संपवण्याचा भाच्यानं प्रयत्नसुद्धा करू नये असं होतं. शुद्धलेखनाच्या बाबतीत दक्ष असलेला मामा त्यामुळे भाच्याला जास्त धोकादायक ठरतो.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो सरळ आहे: शुभेच्छा ही भावना असते, तिच्या शब्दांचा कीस कशाला काढायचा? हे म्हणणं दुसऱ्या कुठल्या भाषेत कदाचित चालून गेलं असतं. मराठीत चालत नाही, कारण आपल्याइतकी शब्दांना भिणारी माणसं शोधून सापडायची नाहीत. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’. नारळ फोडायचा तर तो ‘वाढवायचा’. दिवसभर एक गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी रात्री दुकानदार दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. डब्यात तांदळाचा दाणा उरलेला नसताना जुन्या बायका ‘तांदूळ वाढले’ म्हणतात, आणि नव्या सुनेला वाटतं आता काही आणायला नको. थोडक्यात, जे जे संपतं, फुटतं, तुटतं त्याला वाढीचं नाव देऊन आपण अशुभाला दाराबाहेर थांबवतो. एवढी काळजी घेणाऱ्या भाषेत, तीस लाखांचं देणं डोक्यावर घेतलेल्या माणसाला त्याच सकाळी ‘कधीही न संपणारं’ हा शब्द भेट द्यायचा, आणि वर ‘भावना बघा’ म्हणायचं, हे काही जमत नाही. बांगडीच्या काचेला जो न्याय लावतो, तो गृहकर्जाला लावायला हरकत नसावी.

बरं, या शब्दाचा खरेदीशी मुळात संबंध तरी काय? परंपरेनं वैशाख शुद्ध तृतीयेला जे अक्षय्य होतं असं मानलं आहे ते दान, जप, होम, पितरांचं तर्पण. म्हणजे घरातून जे बाहेर जातं ते. उन्हाळ्याच्या ऐन भरात पाण्यानं भरलेली घागर द्यायची, पंखा द्यायचा, छत्री द्यायची, पायताण द्यायचं; त्या देण्याचं पुण्य झिजत नाही, असा त्यातला विचार. घरात जे येतं त्याला कुणी अक्षय्य म्हटलेलं नव्हतं. साडेतीन मुहूर्तांत हा दिवस बसतो (तो पूर्ण की अर्धा यावर जाणकारांत वाद आहे, आणि सराफांनी तो आपल्यापुरता केव्हाच मिटवलेला आहे), म्हणून पंचांग न बघता नवं काम सुरू करता येतं, इतकंच खरं. मुहूर्त सुरुवातीची हमी देतो, शेवटाबद्दल तो काही बोलत नाही. अहो, महाभारतातल्या त्या प्रसिद्ध अक्षय पात्रालासुद्धा वेळेचं बंधन होतं. सूर्यानं युधिष्ठिराला दिलेल्या त्या भांड्यातलं अन्न द्रौपदी जेवेपर्यंतच पुरायचं. ती जेवली की त्या दिवसापुरतं खातं बंद. दुर्वास नेमके त्यानंतर शिष्यांचा तांडा घेऊन आले आणि भांड्याला चिकटलेल्या भाजीच्या पानावर कृष्णाला निभावून न्यावं लागलं. साक्षात सूर्यानं दिलेल्या वस्तूला जर रोजची मुदत होती, तर सोसायटीच्या बी विंगमधल्या साडेसहाशे चौरस फुटांकडून किती अपेक्षा ठेवायची? आणि खानदेशाकडं बघितलं तर हा दिवस चक्क हिशेबाचा आहे. तिथल्या आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात; पण त्याच आखाजीला सालदाराचं वर्ष संपतं. उचल किती घेतली होती, खाडे किती पडले, बाकी काय राहिलं, हे सगळं मांडून मगच पुढच्या सालाचं बोलणं होतं. शुभ दिवशी देण्याघेण्याचं नाव काढू नये असं शेतकऱ्याला वाटत नाही. ते फ्लॅटवाल्यालाच वाटतं.

आता खरेदीकडं वळू. सोन्यापासून सुरुवात करायला हवी, कारण अक्षय्य म्हणवून घेण्याचा सगळ्यात मोठा हक्क सोनंच सांगतं. समजा एखाद्या मावसबहिणीनं स्वतःच्या पगारातून पहिला दागिना केला. त्यात एक लाख रुपयांचं सोनं आहे. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १२,००० रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६०. बिल झालं १,१५,३६० रुपयांचं. ती दुकानाची पायरी उतरली आणि काही कारणानं तशीच परत चढली, तर भाव तोच असताना तिच्या हातात जास्तीत जास्त लाख रुपये पडतील. घडणावळ आणि कर कुणी परत देत नाही. पायरी उतरायला लागलेल्या वेळात १५,३६० रुपयांचा क्षय झाला. खडे असतील आणि खड्यांचं वजन बिलावर वेगळं काढलेलं नसेल तर तो आणखी वाढतो. म्हणून जुन्या बायका मुहूर्ताचं सोनं बहुधा साध्या वेढणीचं घ्यायच्या, ज्यात घडणावळ जवळपास नसते. यावर कुणी म्हणेल की सोन्याचा भाव वाढतो आणि ही तूट काही काळात भरून निघते. खरं आहे. पण ती भरून निघाल्याचा आनंद घ्यायचा तर दागिना विकावा लागतो, आणि आपल्या घरात दागिना कुणी आनंदानं विकत नाही. तो ‘मोडतात’. इथे मात्र मराठीनं ‘वाढवणं’ वापरलं नाही, खरा शब्द तसाच ठेवला, यावरून त्या प्रसंगाची कल्पना यावी. मावसबहिणीला द्यायची शुभेच्छा याच क्रियापदात तयार आहे: ‘मोडायची वेळ कधी न येवो.’ जमल्यास पुढं एवढंच विचारावं की दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला बघितलास ना. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो, आणि तो भिंगाखाली बघायला शोरूममधली मंडळी ना म्हणत नाहीत. फक्त कुणी मागत नाही.

गाडीबद्दल फार बोलायला नको. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये गाडीवरची चादर ओढली जाते, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, हातात पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली देऊन फोटो निघतो, आणि त्याच वेळी साडूच्या दुसऱ्या हातात विम्याची पॉलिसी असते. त्या पॉलिसीत ‘आयडीव्ही’ म्हणून एक आकडा छापलेला असतो, म्हणजे विमा कंपनीच्या मते गाडीची किंमत. कोऱ्या गाडीला तो शोरूमच्या किमतीपेक्षा ५ टक्क्यांनी कमी असतो. घसाऱ्याचं ठरीव कोष्टकच आहे: पहिले सहा महिने ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी वाढत वाढत पाचव्या वर्षाअखेर ५०. क्षयाचं वेळापत्रक छापून, सहीशिक्क्यासह, मुहूर्तावर हातात मिळणारी दुसरी वस्तू माझ्या तरी माहितीत नाही. साडूला ‘अक्षय्य’ लिहिण्याआधी लिंबाएवढी तरी वास्तवाची जाण असावी. त्याला ‘सुखरूप चालवा’ म्हणावं आणि थांबावं.

आता फ्लॅट. इथे जरा बसून हिशेब करू, कारण हा सगळा लेख त्यासाठीच आहे. भाच्यानं ३० लाखांचं कर्ज घेतलं, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो २६,९९२ रुपये. पहिल्या महिन्यात ३० लाखांवरचं व्याज होतं २२,५००. म्हणजे जवळपास सत्तावीस हजार खात्यातून गेले त्यातले मुद्दलात जिरले फक्त ४,४९२. पुढच्या महिन्यात व्याज किंचित कमी, मुद्दल किंचित जास्त, आणि असं मुंगीच्या पावलानं चालत वर्ष संपतं. पुढच्या अक्षय्य तृतीयेला मामा पुन्हा तेच चित्र पाठवतो तेव्हा भाच्यानं ३,२३,९०४ रुपये भरलेले असतात आणि कर्ज कमी झालेलं असतं छप्पन हजार आणि काही रुपयांनी. पाच तृतीया उलटल्या की भरणा सोळा लाखांवर जातो. कर्ज उरतं २६ लाख ६१ हजार. मुद्दल निम्म्यावर यायला चौदा वर्षं लागतात. तोवर जन्मलेलं बाळ सातवी-आठवीत गेलेलं असतं आणि मामाचं रक्तदाब मोजायचं यंत्र दोनदा बदललेलं असतं. एकूण भरणा ६४ लाख ७८ हजार, त्यात व्याजच ३४ लाख ७८ हजार. या संपूर्ण व्यवहारात भाच्याला एकाच गोष्टीचा क्षय हवा आहे, आणि त्याचे जवळचे नातेवाईक दरवर्षी एकमुखानं क्षय न होण्याची प्रार्थना करताहेत.

हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटत असेल तर व्याजदर वाढल्यावर काय होतं ते बघा. बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहापर्यंत नेला, म्हणजे अडीच टक्के वाढ. अशा वेळी अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत ताणली. कर्जदाराला दर महिन्याला तेवढेच पैसे कापलेले दिसतात, त्यामुळे काही झालंय हे कळतही नाही. आता आपल्या भाच्याचा दर समजा अगदी सुरुवातीलाच १०.८ टक्के झाला, म्हणजे अडीच नव्हे, १.८ टक्क्यांनीच वाढला. ३० लाखांवर महिन्याचं व्याज झालं बरोबर २७,०००. हप्ता आहे २६,९९२. आठ रुपये कमी! पूर्ण हप्ता भरूनही कर्ज आठ रुपयांनी वाढलं. आता ते कितीही वर्षं भरलं तरी फिटणार नाही. पाणिनीला अभिप्रेत असलेल्या ‘अक्षय्य’ या शब्दाचा इतका चोख दाखला संस्कृत वाङ्मयातही क्वचितच मिळेल. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं की दर बदलताना कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, आणि मुदत अशी ताणू नका की कर्ज फिटण्याऐवजी फुगत जाईल. म्हणजे कर्ज अक्षय्य होऊ नये यासाठी देशाच्या मध्यवर्ती बँकेनं लेखी सूचना काढली. ती फक्त मामापर्यंत पोचलेली नाही. आणि ज्यांनी मुहूर्त साधून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग केलं, त्यांच्या नशिबी बऱ्याचदा ‘प्री-ईएमआय’ असतो. कर्जाची पूर्ण रक्कम बिल्डरला जाईपर्यंत नुसतं व्याज भरायचं. मुद्दलाला नखही लागत नाही. तिथे शुभेच्छेची गरजच नसते, ती करारात समाविष्ट असते.

दुसरा आक्षेप जास्त घरगुती आहे आणि म्हणून जास्त कठीण. ‘कर्जाचं सगळं खरं हो, पण वास्तुशांतीला आलेल्या माणसानं मुद्दल-व्याज काढलं तर भाचेसून पुन्हा चहा तरी विचारेल का?’ विचारणार नाही, आणि बरोबर करेल. म्हणून ही शुभेच्छा ग्रूपवर द्यायची नसते. ग्रूपवर ‘अभिनंदन, घर सुंदर आहे’ एवढं पुरे. फोटोतल्या मॉड्युलर किचनचं कौतुक करावं, पडद्यांच्या रंगाबद्दल मत देऊ नये. खरी शुभेच्छा फोनवर, भाचा एकटा असताना द्यावी, आणि ती अशी असावी: ‘लवकर फिटो रे.’ हे तीन शब्द ऐकून रुसलेला कर्जदार अजून जन्माला यायचा आहे. हात सैल असेल तर आणखी एक करता येतं. नव्या घरी नातेवाईक जे आणतात त्यात भिंतीवरची घड्याळं, काचेचे सहा ग्लास आणि गणपतीच्या मूर्ती यांची संख्या दरवेळी गरजेच्या चौपट होते. त्याऐवजी चौघा मामा-मावश्यांनी मिळून पाकीट द्यावं आणि ते मुद्दलात भरायला सांगावं. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. भाच्यानं दरवर्षी बोनसमधून फक्त एक हप्ता जादा भरला, तर हेच वीस वर्षांचं कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटतं आणि सात लाखांच्या आसपास व्याज वाचतं. अट एकच: जादा भरलेल्या रकमेनं हप्ता कमी करायचा नाही, मुदत कमी करायची, आणि ते बँकेला लेखी सांगून नवं वेळापत्रक हातात घ्यायचं. नाहीतर शाखेतल्या संगणकाला जे सोयीचं वाटतं ते होतं. सात लाखांत घड्याळं किती येतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

तिसरा आक्षेप धंदेवाल्यांचा. ‘आम्ही काही घेतलं नाही, आम्ही सुरू केलंय; आम्हाला तरी अक्षय्य चालेल ना?’ वहिनींच्या पोळीभाजी केंद्राचं उदाहरण घेऊ. तिथे खरंच एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अक्षय्य होते, आणि ती म्हणजे नातेवाइकांची उधारी. उद्घाटनाला सगळे येतात, फीत कापली जाते, शुभेच्छांचं चित्र सगळ्यांनी सकाळीच पाठवलेलं असतं, आणि मग एकेक जण डबा बांधून घेताना विचारतो, ‘घरच्यांना काय लावणार?’ वहिनींची थाळी १०० रुपयांची. पीठ, तेल, भाजी, गॅस, मदतनीस बाईंचा पगार, जागेचं भाडं धरून खर्च ८०. हातात २०. घरच्या माणसानं वीस रुपये कमी दिले की वहिनींनी ती थाळी फुकट रांधली. घरच्या माणसानं ‘लिहून ठेवा हो’ म्हटलं आणि पुढं विसरला, तर बुडालेले ८० रुपये भरून काढायला परक्या माणसांना चार थाळ्या विकाव्या लागतात. म्हणजे एक काका पचवायला चार गिऱ्हाइकं लागतात. नव्या दुकानात चार गिऱ्हाइकं यायला कधीकधी दुपार होते. बरं, वहीत काकांच्या नावापुढं आकडा लिहिला तरी तो मागायचा कसा? परक्याकडं तगादा लावता येतो. काका तर आपल्याच जाऊबाईंचे सासरे. ती उधारी दिवाळीत तशीच असते, पुढच्या पाडव्याला तशीच असते, आणि नवी वही घेतली की पहिल्या पानावर आधी तीच उतरवली जाते.

यावर काका म्हणतील की आमचा आशीर्वाद आहेच की. आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सकाळची पहिली विक्री झाली की दुकानदार ती नोट कपाळाला लावतो आणि ‘भवानी झाली’ म्हणतो. तिथे कुणाचा आशीर्वाद कपाळाला लावताना कुणी पाहिलेला नाही. ती नोट पूर्ण किमतीची असावी एवढीच दुकानदाराची अपेक्षा असते. तेव्हा यंदाच्या तृतीयेला ते कलशाचं चित्र अण्णांना पाठवा, त्यांचं कुठलंच कर्ज नाही. भाच्याला फोन करा. आणि वहिनींच्या केंद्रात सकाळी अकराच्या आत जा, रांग असेल तर रांगेत उभे राहा, शंभर रुपये रोख द्या, आणि घरून निघतानाच सुटे घेऊन जा.